दुसऱ्या बाजूचा परिच्छेद

आमच्या घरात मराठी बोलतात, लिहीत कोणी नाही. मला लिहिता येतं ते आईमुळे. ती सोलापूरकडून लग्न होऊन तंजावरात आली होती आणि तिनं मला धरून बसवून बाराखडी गिरवायला लावली. धाकटा भाऊ तिच्या हाताला कधी लागलाच नाही. त्याच्या मुलीला तर ही अक्षरं म्हणजे नुसती नक्षी वाटते. मी हे मराठीत लिहितेय ते याच कारणानं. दोघांनाही वाचता येणार नाही, आणि तेच बरं आहे.

मी दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्या बोर्डाच्या पेपरात पहिलाच प्रश्न निबंधाचा असतो. पाच-सहा विषय देतात, त्यांतला एखादा वादाचा. एक विधान दिलेलं असतं. त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध, काय ते एक ठरवून तीनशे-साडेतीनशे शब्दांत आपलं म्हणणं मांडायचं. बरेच मास्तर मुलांना सांगतात, त्या वाटेला जाऊच नका, सरळ गोष्ट लिहा नाहीतर चित्राचं वर्णन करा. मला याची भयंकर चीड आहे. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःचं मत नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्याच्या हातातला मोबाईल काढून घेऊन बघावं.

तर मी वादाचा निबंध शिकवते, आणि तो हट्टानं शिकवते. निबंधाआधी आराखडा. एका कागदावर वर एक चौकट: माझं मत, एका वाक्यात. त्याखाली तीन चौकटी, तीन कारणं, प्रत्येक कारणाखाली एक उदाहरण. मग एक चौकट दुसऱ्या बाजूची: ज्याला माझं पटत नाही तो माणूस काय म्हणेल. तिच्या शेजारी तिला उत्तर. तळाशी शेवट. हा कागद पुरा झाल्याशिवाय निबंधाचा एक शब्द लिहायचा नाही. मुलं कुरकुरतात. ‘मिस, लिहिता लिहिता सुचेल ना!’ लिहिता लिहिता जे सुचतं ते मी वीस वर्षं तपासतेय, मला सांगू नका.

मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. परिच्छेदात जे सांगायचंय ते त्या एका वाक्यात आलंच पाहिजे, बाकीची वाक्यं त्याला टेकू. ते जमलंय का हे बघायची माझी एक रीत आहे. सगळा निबंध झाकायचा आणि फक्त पहिली वाक्यं एकाखाली एक मोठ्यानं वाचायची. तेवढ्यावरून म्हणणं कळलं तर निबंध उभा आहे. नाही कळलं तर मधलं कितीही फुलवा, तो पडणार.

आणि जोडशब्दांचा तक्ता. तो मी स्वतः लिहून वर्गाच्या भिंतीला लावलाय, कामाप्रमाणे गट पाडून. भर घालायची तर ‘मोरओव्हर’, ‘बिसाइड्स’. कारणावरून निष्कर्षाला यायचं तर ‘देअरफोर’. उलट दिशेला वळायचं तर ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’. आणि दुसऱ्याचं कबूल करायचं तर ‘अ‍ॅडमिटेडली’. तक्ता लावला की पहिले दोन आठवडे मुलं प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ‘मोरओव्हर’ टाकतात, फोडणीत कढीपत्ता टाकावा तसा. मग मी विचारते, या दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय? भर आहे, की विरोध, की कारण? आधी नातं सांग, मग शब्द घे. नातंच नसेल तर शब्द चिकटवून ते होत नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण पुढं जे झालं ते या कागदावरच झालं.

माझ्या भावाची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. भाऊ चेन्नईत नोकरीला, पाळ्या बदलत्या, घरात दुसरं कोणी नाही. मी लग्न केलेलं नव्हतं आणि पुढंही करणार नव्हते. त्यानं तिला माझ्याकडे आणून सोडली. थोडे दिवस म्हणून आणली, पण ते थोडे दिवस संपलेच नाहीत. तो एक शनिवार सोडून एक शनिवार येतो, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जातो. मुलगी माझ्याजवळ वाढली, माझ्याच शाळेत गेली, आणि गेल्या वर्षी माझ्याच दहावीच्या वर्गात येऊन बसली. शाळेत ती मला मिस म्हणायची. फाटकाबाहेर स्कूटीवर मागं बसली की आत्या.

दिवाळीला भाऊ आला आणि जेवता जेवता म्हणाला, अकरावीला मी हिला चेन्नईला नेतो.

माझ्या हातातली रसमची पळी तशीच राहिली. मुलगी आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग रडायला लागली. भाऊ वाईट माणूस नाही. त्याला तिचं रडणं बघवेना. पण त्याचं सगळं आयुष्य कंपनीत कारणं लिहिण्यात गेलंय, मशीन का बंद पडलं, माल का अडला.

“रडूं नको, कण्णा,” तो म्हणाला. “मज कारणं सांग. पोंगलला येतों तेव्हां लिहून ठेव. पटलं तर इथंच राहा, मी एक शब्द बोलणार नाही.”

“खरंच, अप्पा?”

“खरंच. अक्कासमोर सांगतों.”

तो गेल्यावर ती माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आली. डोळे अजून लाल, पण चेहऱ्यावर भलताच उत्साह. “आत्या, कारणं पाहिजेत म्हणे त्यांना. आपण आउटलाइन करूं.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की हे नुसतं मार्कांसाठी नाही, आयुष्यात उपयोगी पडेल. कोणी विश्वास ठेवत नव्हतं, खरं तर माझाही पुरता नव्हता. आणि आता माझ्याच घरात, मला हव्या त्या बाजूनं, त्याचा उपयोग होणार होता. मी मनात म्हटलं, येऊ दे पोंगल. माझी विद्यार्थिनी आहे ती.

पहिल्या चौकटीत तिनं लिहिलं: मी अकरावी-बारावी तंजावरातच करावी. छान, सरळ वाक्य. पहिलं कारण शाळा: गणिताच्या बाई तिला आठवीपासून ओळखतात, अकरावीलाही त्याच आहेत. दुसरं व्हायोलिन: दर रविवारी ती बसनं तिरुवैयारूला शिकायला जायची, मास्तर वयस्कर होते, आता सोडलं तर पुन्हा त्यांच्याकडे शिकणं होणार नाही. तिसऱ्या कारणाशी ती अडली. बराच वेळ पेन चावून तिनं लिहिलं, माझी आत्या चांगला स्वयंपाक करते. उदाहरण म्हणून आंबट भात आणि वांग्याचं कोळंबू.

“हे कारण आहे की हॉटेलातला फळा?” मी विचारलं.

“मग काय लिहूं?”

“तुज इथं कां राहायचं आहे, ते लिही.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ते एका वाक्यात येत नाही गं.” मग मान खाली घालून तिनं खोडलं आणि लिहिलं: हे माझं घर आहे. पहिलं वाक्य म्हणून त्यात काही खोट काढता येण्यासारखी नव्हती.

मग दुसरी बाजू. तिथं तिनं खरडलं होतं, काही लोक म्हणतील की चेन्नईला कोचिंग क्लास चांगले आहेत. परंतु, हाउएव्हर, तंजावरातही कोचिंग क्लास आहेत. झालं, संपलं. पुढच्या चौकटीत शेवट.

मी तो कागद तिच्या पुढ्यात परत टाकला. हे माझं नेहमीचं भांडण आहे मुलांशी. दुसऱ्या बाजूला सगळे असाच एक कागदी राक्षस उभा करतात, एका फुंकरीत पडेल असा. तो पडला की स्वतःला शूर समजतात. तपासणारा मूर्ख नसतो. दुसऱ्याचं म्हणणं असं लिहा की त्यानं ते वाचून म्हणावं, अरे, मला हेच तर म्हणायचं होतं आणि नीट सांगता येत नव्हतं. तेवढं लिहिल्यावर जर तुमचं उत्तर टिकलं, तर तुमची बाजू खरी.

“हे तुझे अप्पा बोलत नाहीत,” मी म्हटलं. “हा क्लासचा बोर्ड बोलतोय. कोचिंगसाठी नेतायत का ते तुज? जा, विचार करून लिही. ते तुज कां नेतायत?”

तिनं विचार केला. तिला सुचेना. मुलीला बापाची बाजू सुचत नाही, यात मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट थोडं सुखच वाटलं. अकरा वर्षं वेणीफणी कुणी केली? गोवर निघाला तेव्हा कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन रात्री कोण बसलं होतं? आता मुलगी मोठी झाली, आपलं आपण करायला लागली, तेव्हा बाप आठवला. माझ्या मनात भावाबद्दल हे होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटी मीच म्हटलं, सुचत नसेल तर त्यांना विचार. वर्गातही मी मुलांना हेच सांगते, दुसरी बाजू डोक्यात शोधू नका, त्या बाजूच्या माणसाकडे जा.

तिनं फोन लावला. मी तांदूळ निवडत होते, ती तिण्णैवर, म्हणजे आमच्या बाहेरच्या ओट्यावर, पाय सोडून बसलेली. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. अप्पा, मज कां नेतां? नाही, क्लासचं नको, खरं सांगा. मग पुष्कळ वेळ ती नुसती हूं, हूं करत राहिली. रात्री काय खातां, असं एकदा विचारलं. फोन ठेवल्यावर ती लगेच आत आली नाही.

आल्यावर म्हणाली, “सांगतच नव्हते. चांगली शाळा आहे, चांगली शाळा आहे, हेच चाललं होतं. मग एकदम बोलले.”

“काय?”

“म्हणाले, तू सकाळी शाळेला निघतांना कशी दिसतेस ते मज ठाऊक नाही.”

मी सूप खाली ठेवलं. खरंच होतं ते. तो शनिवारी येतो, रविवारी जातो, सुट्टीत येतो. दप्तर पाठीला, ओले केस, एका हातात डोसा, बूट सापडत नाही म्हणून आरडाओरडा, स्कूटी सुरू झाल्यावर पाण्याची बाटली आठवणं, हे सगळं त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. मी रोज पाहत होते आणि रोज तिच्यावर ओरडत होते.

“बरं,” मी म्हटलं. “लिही मग तसंच.”

तिनं दुसऱ्या बाजूची चौकट नव्यानं लिहिली. माझे वडील खोलीखालच्या दुकानातून इडलीची दोन पुडकी आणतात, एक रात्री खातात, एक सकाळी. त्यांनी मला कधी शाळेत जाताना पाहिलेलं नाही. दोन वर्षांनी मी कॉलेजला जाईन, कुठं जाईन माहीत नाही, आणि मग मला बघायचं म्हटलं तरी मी घरी नसेन. चौकटीत मावलं नाही म्हणून कागदाच्या कडेनं वर चढत गेली. मी वाचलं. वीस वर्षांत असला दुसऱ्या बाजूचा परिच्छेद माझ्या हातात कधी आला नव्हता. मी तसं तिला सांगितलंसुद्धा, वेड्यासारखं. “फस्ट क्लास!” म्हणाले.

उत्तराची चौकट रिकामी राहिली.

तिनं प्रयत्न केले. हाउएव्हर, ते जास्त वेळा येऊ शकतात. मी खोडलं, पाळ्या बदलत्या, आणखी कुठून येणार? हाउएव्हर, ते तंजावरात बदली मागू शकतात. त्यांच्या कंपनीचं तंजावरात काही नाहीच. हाउएव्हर, रोज व्हिडिओ कॉल करता येईल. हे तिचं तिनंच खोडलं. कार्तिक संपला, मार्गळी लागला, पहाटे शेजारणी दारात रांगोळीचे मोठमोठे कोलम काढायला लागल्या, आणि तो कागद जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली तसाच पडून होता. मीही उत्तर शोधत होते. भात ढवळताना शोधत होते, पेपर तपासताना शोधत होते. असं कसं होईल, मी म्हणायची, उत्तर असतंच. मला एकही सापडलं नाही.

सहामाहीनंतर वर्गात मी हीच चौकट शिकवत होते. विषय साधा होता, शाळेत गणवेश असावा की नसावा. एका मुलानं विरुद्ध बाजू फार जोरात मांडली आणि मग स्वतःच चाचरत बसला, सगळे हसले. हशा ओसरला तशी मागच्या बाकावरून ती उभी राहिली. माझी मुलगी. मुलगीच म्हणते.

“मिस,” तिनं इंग्रजीत विचारलं, “दुसऱ्या बाजूला उत्तरच नसेल तर?”

मी फळ्याकडे तोंड करून होते आणि उत्तर तोंडातून बाहेर पडलंसुद्धा. दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि दरवर्षी मी तेच सांगते. “तर तुम्ही चुकीची बाजू घेतलीत. कागद उलटा करा आणि बाजू बदला. आराखडा त्याचसाठी असतो. निबंध लिहून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्यात लाज काही नाही.”

मग मी वळले. मुलं माना खाली घालून लिहून घेत होती. ती लिहीत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि कोणी कशाबद्दल विचारलं ते मला तेव्हा कळलं. वर्गात मी तिला इतर मुलांसारखीच वागवते, याचा मला अभिमान होता. कुणाचं तरी बोट धरून रस्ता ओलांडावा आणि मध्येच ते बोट सुटावं, तसं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. प्रत्येक वेळी असं नसतं, असं म्हणता आलं असतं. पण घंटा झाली, आणि खरं म्हणजे प्रत्येक वेळी असंच असतं.

त्या संध्याकाळी तिनं बरणी बाजूला केली आणि कागद उलटा केला. मला काही विचारलं नाही. मी मुद्दाम परसात जाऊन वाळलेले कपडे काढत बसले, एक एक, घड्या घालून.

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, सकाळी तिनं निबंध लिहून आणून माझ्या हातात दिला. भाऊ दुपारच्या गाडीनं यायचा होता. “तपास,” म्हणाली. तिचा आवाज अगदी शाळेतला होता.

मी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. माझ्या रीतीप्रमाणे आधी नुसती पहिली वाक्यं वाचली, मोठ्यानं. इंग्रजीत होती, इथं मराठीत सांगते. मी अकरावीसाठी माझ्या वडिलांकडे जावं. माझ्या वडिलांनी मला मोठी होताना पाहिलेलं नाही. दोन वर्षांनंतर त्यांना ही संधी पुन्हा मिळणार नाही. तंजावरात जे आहे ते मी सुट्टीत आले की मला परत भेटेल. एकाखाली एक, पायऱ्या उतरावं तशी. कुठं ठेच नाही. जोडशब्द मोजकेच आणि जिथं नातं होतं तिथंच. माझ्याकडून शिकलेली मुलगी लिहीत होती, दुसरी कोणी असं लिहिलंच नसतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रडू आलं. दोन्ही एकाच वेळी झालं आणि दोन्ही दाबून टाकलं.

मग दुसऱ्या बाजूचा परिच्छेद आला. आता दुसरी बाजू मी होते.

‘अ‍ॅडमिटेडली,’ तिनं लिहिलं होतं, ‘माझी आत्या एकटी पडेल. तिनं माझ्यासाठी काय काय केलं ते मी लिहीत नाही, कारण शब्दांची मर्यादा आहे.’ आणि पुढं उत्तर. ‘नेव्हरदलेस, तिच्याकडे दरवर्षी चाळीस मुलं असतात.’

बस, एवढंच. उदाहरण नाही, टेकू नाही. मग शेवट.

चाळीस मुलं असतात, हे काय उत्तर झालं? चाळीस मुलं तासाला येतात आणि घंटेला जातात. असलं उत्तर मी आजवर कुणाचं सोडलेलं नाही. दुसऱ्या कुणाचा निबंध असता तर बाजूला मोठी रेघ मारून लिहिलं असतं, उत्तर कच्चं, पुन्हा विचार कर. आणि मला माहीत होतं, पुन्हा विचार केला तर तिला यालाही उत्तर सापडणार नाही. इथंही नियम तोच. उत्तर नाही, तर बाजू बदल. ती कागद पुन्हा उलटा करेल आणि राहील. एक लाल रेघ.

मी वर बघितलं. ती टेबलाला टेकून उभी होती, दोन्ही हात मागं. मुलं तपासायला वही देऊन अशी उभी राहत नाहीत, जाऊन बसतात. ती माझ्या पेनाकडे बघत होती. तेव्हा मला लख्ख कळलं. तिनं ते वाक्य तसं चुकून लिहिलं नव्हतं. माझ्या हाताखाली शिकलेली, ज्या मुलीनं बापाची बाजू तशी लिहिली, तिला हे वाक्य कच्चं आहे हे कळत नव्हतं होय? ती वाट बघत होती. तिला स्वतःला राहते म्हणता येत नव्हतं, बापाचं ते एक वाक्य ऐकल्यावर तर नाहीच. पण मिसनं परत पाठवला असता तर राहता आलं असतं. तो निर्णय तिनं माझ्या हातात आणून दिला होता.

किती मोह झाला म्हणून सांगू. पेन टेकवलंही होतं मी. मला माझ्या भावाचा राग होता, तो काही गेला नव्हता. पण तो खोलीत एकटा इडलीचं पुडकं सोडतोय, हे तिनं लिहून माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं होतं आणि ते पुसता येत नव्हतं. मी अकरा वर्षं रोज सकाळी तिला पाहिली होती. त्याला दोनच मिळणार होती.

मी त्या वाक्यापुढं बरोबरची खूण केली.

“आत्या,” ती म्हणाली, “तिथं कांहीं लिहिणार नाहीस?”

“नाही. बरोबर आहे.”

“नक्की?”

“नक्की. जा, फेअर कर.”

ती वही घेऊन आत गेली.

भाऊ आला, आंघोळ करून, कॉफीचा टंबलर घेऊन झोपाळ्यावर बसला आणि त्यानं निबंध वाचला. त्याला वाटलं होतं राहण्याची कारणं असतील. पहिल्या वाक्याला त्यानं मान वर केली, मग परत वाचायला लागला, आणि कॉफी तशीच निवली. तो डोळे पुसत होता, लपवायचं त्याला सुचलंही नाही. ती दारात उभी होती. त्यानं तिला जवळ घेतलं नाही, त्याला ती सवय नव्हती; नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग शेवटाआधीच्या परिच्छेदावर बोट ठेवून त्यानं मला हाक मारली. “अक्का, हे चाळीस मुलांचं.” त्यालाही ते खटकलं होतं. कारणं वाचण्यात आयुष्य गेलंय त्याचं. “हे उत्तर होतंय का?”

दोघंही माझ्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत मला अजून ते सकाळचं वाट बघणं दिसत होतं.

“होतंय,” मी म्हटलं. “मी तपासलंय ना.”

तिनं मान खाली घातली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. पोंगल झाला, सराव परीक्षा झाल्या, बोर्डाची परीक्षा झाली. निबंधाचा प्रश्न कोणता केलास, असं मी पेपरनंतर विचारलं, तर म्हणाली, गोष्ट लिहिली. एप्रिलमध्ये भाऊ तिला घेऊन गेला. फलाटावर ती माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की हमालही थबकला, आणि मी मात्र, पाण्याची बाटली घेतलीस का, व्हायोलिन वरच्या बर्थवर ठेवू नको, असलं काहीतरी बोलत राहिले. गाडी सुटल्यावर मला घरी जायचं सुचेना. कितीतरी वेळ मी तिथंच बाकावर बसून होते.

भाऊ आता रोज सकाळी तिचा फोटो पाठवतो, दप्तरासकट. मी बघते. केस नीट विंचरलेले असतात.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या दहावीला मी हजेरी घेतली, एकेकाचं नाव पुकारत गेले, आणि सगळी हजर होती. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती, पुस्तकं उघडून, मी काय सांगते याची वाट बघत. मला त्यांतलं एकही नको होतं. मी हजेरीचं पुस्तक मिटलं, फळ्याकडे वळले, आणि मुलांना माझं तोंड दिसू नये म्हणून बराच वेळ पहिली चौकट काढत राहिले.